जागा राखून ठेवलीय!

प्रश्न : वर्गमित्र दवाखान्यात आहे. ‘लवकर बरा हो. तुझ्याशिवाय करमत नाही. बाकावरची तुझी जागा रिकामीच आहे. विठुराया पाठीशी आहे.’ हे कार्डावर इंग्रजीत कसं लिहू?
– एक विद्यार्थी, पंढरपूर

उत्तर : असं लिही : ‘गेट वेल सून! वी मिस यू. वी आर सेव्हिंग युवर सीट. विठ्ठल इज विथ यू!’

‘करमत नाही’ला ‘आय ॲम बोअर्ड’ लिहू नकोस. त्यात कंटाळा येतो, मित्राची आठवण नाही. ‘युवर सीट इज एम्प्टी’ व्याकरणात चूक नाही, पण आजारी माणसाला ते उदास वाटेल. जागा राखून ठेवलीय म्हटलं की तो परत येणार हे गृहीतच धरलं जातं. विठ्ठलाचं नाव मात्र तसंच ठेव, ‘गॉड’ करू नकोस. पंढरपूरच्या पोराला ते परकं वाटेल. आजाराचं नाव कार्डावर नको.