स्पर्शपडदा, लेखणी आणि टिपणे : टू-इन-वन लॅपटॉप नेमका कोणासाठी?

टू-इन-वन या नावाखाली दोन वेगळ्या घडणीची यंत्रे विकली जातात. एका प्रकारात बिजागरी ३६० अंशांत फिरते, त्यामुळे पडदा पूर्ण मागे वळवून यंत्राची पाटी करता येते आणि कळफलक तिच्या पोटाशी जातो. दुसऱ्या प्रकारात कळफलक सरळ काढून बाजूला ठेवता येतो आणि हातात केवळ पडदा उरतो. दोन्हींच्या जाहिरातीत घडी, स्पर्श आणि लेखणी या तीन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, आणि ग्राहकाची फसगत बहुधा तेथेच सुरू होते. कारण या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, आणि टिपणे काढण्याचे सारे सुख किंवा दुःख त्यांपैकी फक्त तिसरीवर अवलंबून असते. पडदा फिरतो आणि बोटाला प्रतिसाद देतो, एवढ्यावरून त्यावर लिहिता येईल असे ठरत नाही.

यामागचे कारण समजण्यासाठी पडद्याच्या आत काय घडते ते पाहावे लागते. आजचे स्पर्शपडदे धारिता-तत्त्वावर चालतात, म्हणजे काचेखाली पारदर्शक वाहकांची जाळी असते आणि बोट टेकले की त्या ठिकाणची विद्युतधारिता बदलते, तो बदल यंत्र टिपते. रबरी टोकाची जी स्वस्त लेखणी बाजारात मिळते ती या जाळीपुढे बोटाचे सोंग आणते, आणि सोंग वठावे म्हणून तिचे टोक काही मिलिमीटर रुंद ठेवावे लागते. अशा लेखणीने स्वाक्षरी होते, बाण काढता येतो, पण ओळीत मावेल असे अक्षर निघत नाही. शिवाय काचेवर टेकलेला तळहात हेही यंत्राच्या लेखी एक बोटच असल्याने हात अधांतरी धरून लिहावे लागते, आणि तसे अर्धा तासही लिहिणे कठीण जाते.

लिहिण्यासाठी लागते ती सक्रिय लेखणी, जी आपले स्थान आणि आपल्यावरचा दाब स्वतःच्या संकेताने यंत्राला कळवते. तो संकेत ओळखण्याची सोय पडद्यात मुळातच असावी लागते. हिला डिजिटायझर म्हणतात, आणि ती नंतर बसवून घेता येत नाही. या लेखण्यांची कुळेही वेगवेगळी आहेत. वॅकॉमच्या ईएमआर पद्धतीत पडद्यामागची पाटी विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि लेखणी त्याच क्षेत्रातून ऊर्जा घेते, म्हणून तिला बॅटरी लागत नाही. सॅमसंगचा एस पेन याच कुळातला. वॅकॉमचीच एईएस आणि मायक्रोसॉफ्टची एमपीपी या पद्धतींत लेखणीला स्वतःची बॅटरी असते, आणि विंडोजच्या टू-इन-वन यंत्रांत बहुतांशी याच दोन आढळतात. एका कुळाची लेखणी दुसऱ्या कुळाच्या पडद्यावर चालत नाही. काही लेखण्या एईएस आणि एमपीपी या दोन्ही भाषा बोलतात, पण त्या मुद्दाम निवडून घ्याव्या लागतात. खोक्यावर लेखणीचे चित्र असणे हा कशाचाच पुरावा नव्हे. विंडोजमध्ये Settings उघडून System आणि तेथून About या पानावर गेल्यास Pen and touch अशी एक ओळ दिसते. तीत केवळ Touch support असे असेल तर ते यंत्र बोटापुरतेच आहे आणि Pen and touch support असे असेल तरच डिजिटायझर आहे. दुकानात ठेवलेल्या नमुना यंत्रावर ही ओळ वाचायला मिनिटही लागत नाही, तरीही ती न पाहताच खरेदी होते, आणि मागाहून मागवलेली दुसरी-तिसरी लेखणीही चालेना म्हणून दोष लेखणीला दिला जातो.

डिजिटायझर असला तरी तो सारख्या गुणवत्तेचा असतो असे नाही, आणि याची परीक्षा कागदावर छापलेल्या दाबाच्या पातळ्यांवरून होत नाही. ४०९६ पातळ्या हा आकडा चित्रकाराला कदाचित मोलाचा वाटेल; टिपणे काढणाऱ्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याने पाहायचे ते वेगळेच. पडद्यावर पट्टी तिरकी ठेवून तिच्या कडेने लेखणी अगदी सावकाश ओढावी. जाळीच्या दोन तारांमधील स्थान यंत्र अंदाजाने काढत असल्याने निकृष्ट पडद्यावर ही सरळ रेषा नागमोडी उमटते. भरभर ओढलेल्या रेषेत हा दोष लपतो, म्हणून विक्रेत्याने झोकात केलेली स्वाक्षरी पाहून समाधान मानू नये. प्रस्तुत लेखकाच्या वापरातील यंत्रावर भौमितिक आकृतीची कर्णरेषा अशीच लहरत असे, आणि विद्यार्थ्यांना ती सरळ आहे असे तोंडाने सांगावे लागे.

दुसरी परीक्षा मराठी लिहिणाऱ्यासाठी अधिक महत्त्वाची आहे, आणि परदेशी परीक्षणांत तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. लेखणीचे टोक काही किमान दाब पडेपर्यंत शाई सोडत नाही; हा किमान दाब जास्त असेल तर हलक्या हाताने दिलेला ठिपका उमटतच नाही. इंग्रजीत त्यामुळे एखाद्या अक्षरावरचा ठिपका गळतो आणि वाचणाऱ्याचे काही अडत नाही. देवनागरीत मात्र अनुस्वार जातो, ‘मंद’चे ‘मद’ होते, ‘अंश’चा ‘अश’ होतो. आणि गणितात दशांशचिन्ह जाते, जे सर्वांत घातक, कारण ०.०५ ऐवजी ० ०५ असे काहीतरी उरते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते वाचणाऱ्याला मूळ आकडा कोणता होता हे ठरवता येत नाही. लेखणी न दाबता, कागदावर देतो तसे दहा-वीस अनुस्वार देऊन किती उमटले ते मोजावे. दोन-तीन गळाले तर लेखणीच्या सोबतच्या आज्ञावलीत दाबाची संवेदनशीलता वाढवून पाहावे. तरीही गळत असतील तर ते यंत्र टिपणांसाठी घेऊ नये.

तळहाताचा प्रश्न सक्रिय लेखणीनेही पूर्ण सुटत नाही. लेखणीचे टोक काचेपासून साधारण एका सेंटिमीटरच्या आत आले की यंत्राला तिची चाहूल लागते आणि ते बोटाचा स्पर्श दुर्लक्षिते. पण बहुतेक माणसे आधी हात टेकतात आणि मग लेखणी खाली आणतात, त्या मधल्या क्षणात पान सरकते किंवा एखादा फराटा उमटतो. लेखनाच्या आज्ञावलीत बोटाने रेखाटण्याची सोय बंद करणे हा पहिला उपाय, आणि त्याने भागत नसेल तर Device Manager मध्ये HID-compliant touch screen ही नोंद तात्पुरती निष्क्रिय करणे हा दुसरा. बहुतेक यंत्रांत त्यानंतरही लेखणी चालू राहते.

आता आकाराचा आणि वजनाचा विचार. १३.३ इंची, १६:९ प्रमाणाचा पडदा उभा धरला तर त्याची रुंदी सुमारे १६.५ सेंटिमीटर भरते, १४ इंची १६:१० पडद्याची सुमारे १८.८, आणि ए-फोर कागदाची २१. म्हणजे मोठ्यातला मोठा सोयीचा पडदाही कागदापेक्षा अरुंदच, त्यातून साधनपट्ट्यांनी जागा घेतलेली, आणि काच गुळगुळीत असल्याने अक्षर कागदावरच्यापेक्षा मोठे येते; परिणामी कागदावर एका पानात बसणारी सिद्धता पडद्यावर दोन-तीन वेळा सरकवावी लागते. वजनाचे म्हणाल तर १४ इंची फिरत्या बिजागरीचे यंत्र दीड किलोच्या आसपास असते, त्यामुळे ते डाव्या हातावर पेलून उजव्या हाताने लिहिणे हे छायाचित्रापुरतेच खरे. ते टेबलावर सपाट ठेवूनच लिहावे लागते, आणि महाविद्यालयाच्या उतरत्या बाकावर किंवा खुर्चीला जोडलेल्या अरुंद फळीवर ते ठेवले की लिहिण्याइतकेच लक्ष ते घसरू न देण्याकडे द्यावे लागते. लॅपटॉपसारखे उभे ठेवून पडद्यावर लिहावे म्हटले तर प्रत्येक अक्षरागणिक पडदा डुलतो. सुट्या कळफलकाच्या यंत्रांत नुसत्या पडद्याचे वजन निम्म्याच्या आसपास येते, पण ती यंत्रे मांडीवर घेऊन टंकलेखन करणे त्रासाचे होते. एक गैरसोय देऊन दुसरी घेण्यासारखाच हा व्यवहार.

तेव्हा लाभ कोणाचा? पहिला आणि निर्विवाद लाभ शिकवणाऱ्याचा. गणित, भौतिकी, रसायन किंवा लेखाशास्त्र दूरस्थ शिकवताना सूत्र आणि आकृती श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उमटत जाणे आवश्यक असते, शिक्षक स्वतःच्या टेबलाशी बसलेला असतो, आणि झालेला फळा तसाच जतन करून वाटता येतो. २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा ज्या शिक्षकांनी ही साधने धरली त्यांतील अनेकांनी ती पुढे सोडली नाहीत ती याच कारणाने. दुसरा लाभ दुसऱ्याच्या मजकुरावर काम करणाऱ्यांचा: प्रबंध तपासणारे मार्गदर्शक, मुद्रितशोधक, नकाशांवर खुणा करणारे वास्तुविशारद. तिसरा अभियांत्रिकी आणि मूलभूत विज्ञानाच्या त्या विद्यार्थ्यांचा, ज्यांना शिक्षकांनी आधी दिलेल्या पीडीएफवरच टिपा लिहायच्या असतात आणि ज्यांना बसायला सपाट टेबल मिळते. इतिहास, कायदा, वाणिज्य या विषयांच्या विद्यार्थ्याची टिपणे मुख्यतः गद्य असतात. त्याला चांगला कळफलक किंवा चांगली वही यांपैकी एक पुरते, आणि टू-इन-वनसाठी दिलेला जादा पैसा त्याने मेमरीवर किंवा साठवणीवर घालवलेला बरा.

हाताने लिहिलेले अधिक लक्षात राहते, हा युक्तिवाद या यंत्रांच्या बाजूने हटकून पुढे केला जातो. त्याला आधार म्हणून सांगितला जाणारा म्यूलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास कागदावरील लेखन आणि लॅपटॉपवरील टंकलेखन यांच्या तुलनेचा आहे, काचेवरच्या लेखनाचा त्यात प्रश्नच नव्हता. शिवाय २०१९ मध्ये त्याची पुनरावृत्ती करणाऱ्यांना तितका स्पष्ट फरक आढळला नाही. म्हणून स्मरणशक्तीच्या आशेने हे यंत्र घेण्यात अर्थ नाही. त्यात पुन्हा, विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत तीन तास कागदावरच लिहायचे असते आणि काचेवर रुळलेला हात तेथे मंद पडू शकतो, हेही विद्यार्थ्याने हिशेबात धरावे.

देखभालीचा खर्चही आधीच विचारून ठेवावा. या यंत्रांत काच, स्पर्शजाळी आणि प्रकाशपटल बहुधा एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे शाई लेखणीच्या टोकाशीच उमटल्यासारखी वाटते हे खरे, पण काचेला तडा गेला की संपूर्ण जोडणीच बदलावी लागते. लेखणीचे टोक झिजते, काही लेखण्यांना लागणारी एएएए आकाराची बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाही, आणि यंत्रात लेखणीसाठी खाच नसेल तर लेखणी हरवते.

ज्यांच्याकडे चालता लॅपटॉप आहे आणि ज्यांचे काम शिकवण्याचे किंवा सूत्रे लिहून दाखवण्याचे आहे, त्यांनी नव्या यंत्राआधी पडदा नसलेली साधी पेन टॅब्लेट घेऊन पाहावी. ती यूएसबीने जोडली जाते, काही हजार रुपयांत येते, आणि तिच्या लेखणीला बहुधा बॅटरी लागत नाही. हात पाटीवर आणि नजर पडद्यावर ठेवण्याची सवय व्हायला काही दिवस जातात. ती झाली की ऑनलाइन वर्गासाठी टू-इन-वन घेण्याचे कारण बहुतेकांना उरत नाही.