रिपोर्ट नॉर्मल, मग अंगात त्राण का नाही?

प्रश्न : गणपतीच्या सुमारास मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या म्हणून दवाखान्यात राहावं लागलं. ताप जाऊन तीन महिने झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी दुपारनंतर उभं राहवत नाही. दिवाळीत एके दिवशी बरं वाटलं म्हणून घर आवरलं, चकल्याही केल्या. त्या दिवशी काही झालं नाही, पण तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. घरचे म्हणतात, मनाचं आहे, सकाळी फिरायला जात जा. खरंच मनाचं असतं का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ चकल्यांची आहे. तिच्याकडे वळण्याआधी ‘मनाचं आहे’ याचा निकाल लावू.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात डबो नावाचं गाव आहे. तिथल्या परिसरात ताप आलेल्या 253 रुग्णांना संशोधकांनी आजाराच्या सुरुवातीपासून वर्षभर गाठलं. त्यांना तीन वेगवेगळे आजार होते: एपस्टाइन-बार विषाणूचा ताप, रॉस रिव्हर विषाणूचा ताप आणि क्यू फीव्हर. रॉस रिव्हर हा डासांमुळे पसरणारा, आपल्या चिकुनगुनियाच्या कुळातला विषाणू. क्यू फीव्हर तर विषाणूचा नव्हे, जिवाणूचा आजार. तरीही मागे राहिलेला थकवा तिन्हींत सारखाच होता. सहा आठवड्यांनी 35 टक्के लोक अजून आजारी होते, तीन महिन्यांनी 27, सहा महिन्यांनी 12 आणि वर्षानं 9 टक्के. कोण मागे राहणार हे वय, स्त्री-पुरुष किंवा आधीचा मानसिक त्रास यांवरून सांगता आलं नाही. पहिला आजार किती जोराचा होता, मुख्यतः यावरून ते ठरलं. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. तरी ‘मनाचं आहे’ हे वाक्य आपल्याकडे अजून पहिलं औषध म्हणून दिलं जातं, याचं मला नवल वाटतं.

मग रिपोर्ट नॉर्मल कसे? माझ्या मते तपासणीची वेळ चुकते. कधी महिन्यांचा फरक पडतो, कधी एका दिवसाचा.

आधी महिन्यांचं पाहू. ताप आला की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. ते मेंदूला सांगतात, पडून राहा, खाऊ नको, कुणाशी बोलू नको. तापातली मरगळ विषाणूपेक्षा याच रेणूंमुळे जास्त येते. ही गोष्ट पक्की कळली ती एका औषधामुळे. हेपेटायटिस सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं देत असत, आणि हे त्याच गटातलं रसायन आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी असे 55 रुग्ण तपासले. उपचार थांबल्यावर सहा महिन्यांनीही त्यांतल्या 18 जणांचा थकवा गेला नव्हता. या अठरा जणांच्या रक्तात उपचाराच्या सुरुवातीलाच दाहाच्या दोन खुणा इतरांपेक्षा जास्त चढल्या होत्या. पण सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं तेव्हा थकलेले आणि न थकलेले यांत फरक दिसेना. आग विझली होती आणि घर जळालं होतं. तुमचं रक्त तीन महिन्यांनी तपासलं, म्हणजे ते विझल्यानंतरचं आहे.

आता एका दिवसाच्या फरकाचं, म्हणजे चकल्यांचं. श्रम झाले की लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी सगळं कोसळतं, ही तापानंतर मागे राहणाऱ्या अशा थकव्याची खास खूण आहे. साध्या अशक्तपणात माणूस काम करतानाच थकतो आणि रात्री झोपला की सावरतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये दीर्घकाळ कोविडचा त्रास असलेल्या 25 रुग्णांना आणि 21 निरोगी लोकांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा आधी काढला होता, तसाच दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. रुग्णांच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया श्रमानंतर आणखी मंदावले होते, आणि स्नायूंना झालेली इजाही निरोगी लोकांपेक्षा जास्त होती. हृदय आणि फुप्फुसं मात्र ठीक होती. 2024 साली आलेला हा अभ्यास कोविडचा आहे, डेंग्यूचा नाही; पण तुम्ही लिहिलेला क्रम त्याच्याशी जुळतो. खुर्चीत बसून दिलेल्या रक्तात हे काही दिसणार नाही.

हे मुळात का होतं याची काही उत्तरं अजून अर्धवट आहेत. विषाणूचे तुकडे ऊतींमध्ये मागे राहतात, हे कोविडच्या काही रुग्णांत सापडलं आहे. तसं असेल तर विषाणूविरोधी गोळीनं बरं वाटायला हवं. पण स्टॅनफर्डमध्ये पॅक्सलोव्हिडचा पंधरा दिवसांचा कोर्स देऊन पाहिला तेव्हा खोट्या गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, असाही एक सिद्धांत आहे. बहुधा सगळ्यांचं कारण एकच नसावं.

फिरायला जाण्याबद्दल. ‘रोज थोडं वाढवत जा’ हा सल्ला ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं दीर्घ थकव्याच्या आजारासाठी 2021 मध्ये मागे घेतला, कारण श्रमानंतर कोसळणाऱ्या रुग्णांना त्यानं अपाय होऊ शकतो. पण म्हणून दिवसभर पडूनही राहू नका. आपली मर्यादा शोधा. रोज काय केलं ते वहीत लिहा आणि शेजारी त्यानंतरच्या दोन दिवसांत कसं वाटलं तेही लिहा. पंधरवड्यात कळेल की सलग दोन तास स्वयंपाक केला तर कोसळता, पण अर्धा तास करून मध्ये आडवं झालं तर नाही. बरं वाटलेल्या दिवशीच हात आखडता घ्यायचा, आणि सणासुदीला घरच्यांना ते पटवणं सर्वांत अवघड जातं.

एक तपासणी घरी करता येते, पण शेजारी कुणीतरी असू द्या. दहा मिनिटं शांत पडून नाडी मोजा. मग उभ्या राहा आणि दहा मिनिटांपर्यंत अधूनमधून मोजत राहा. चक्कर आली तर लगेच बसा. नाडी मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, पण रक्तदाब उतरला नाही, तर उभं राहिल्यावर हृदयाची गती सांभाळणारी मज्जाव्यवस्था बिघडलेली असू शकते. विषाणूच्या तापानंतर असं होतं आणि त्यावर इलाज आहेत. ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. फळ्यासमोर तासभर उभं राहणाऱ्या माणसाला हे आधी जाणवतं.

हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-12 तपासलं नसेल तर तपासून घ्या. वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा खोकला जात नसेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून आधी क्षयाची तपासणी करा. छातीत दुखणं आणि बसल्या जागी धाप लागणं यांसाठी तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.