मोठा अँटेना, वरचा मजला

प्रश्न : राउटर तळमजल्यावर आहे, वरच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही. ५ ऐवजी ९ डीबीआयचे अँटेना लावावेत का? – एक वाचक, वरणगाव

उत्तर : लावू नयेत. अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच वाटून देतो. उभ्या अँटेनाच्या लहरी मेदूवड्यासारख्या आडव्या पसरतात आणि टोकाच्या थेट वर सिग्नल सर्वांत कमी असतो. डीबीआय वाढला की हा वडा आणखी चपटा होतो. अंगणापर्यंत पल्ला वाढेल, पण स्लॅबच्या वरची खोली अधिकच कोरडी पडेल.

आधी एक अँटेना आडवा करावा, दुसरा उभाच ठेवावा. वरच्या खोलीत मोबाइलवरील ॲपने सिग्नल मोजावा. उणे ८० वरून उणे ७० झाला, तर काम झाले.

फरक पडलाच नाही, तर वर केबल नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवावा.