जन्मतारीख वाचताना

न्यू जर्सीत उन्हाळ्यात आपल्या मुलांच्या क्रिकेट स्पर्धा होतात. त्यातल्या एका स्पर्धेत पात्रता तपासणीच्या टेबलावर मी काही वर्षं बसतो आहे. वयावरून होणारे बहुतेक वाद लबाडीचे नसतात, ते ढिसाळ लिहिलेल्या नियमातून आणि घाईत वाचलेल्या कागदातून उगवतात, हे तिथेच कळलं.

2025च्या जुलैमधली गोष्ट. गट 13 वर्षांखालील होता आणि माहितीपत्रकात तेवढंच लिहिलं होतं. कोणत्या दिवशी 13 वर्षांखालील? ऑगस्ट 2012मध्ये जन्मलेला मुलगा स्पर्धेच्या दिवशी 12 वर्षांचा असतो, पण 1 सप्टेंबरला 13चा झालेला असतो. काही संघांनी पहिला हिशेब धरला, काहींनी दुसरा. शेवटी आयोजकांनी मधल्या वेळेत जाहीर केलं की जन्म 1 सप्टेंबर 2012 रोजी किंवा त्यानंतरचा हवा.

त्यावर एका लेगस्पिनरविरुद्ध तक्रार आली. त्याच्या अर्जावर 05/09/2012 असं लिहिलेलं. वडील पुण्याचे, त्यांच्या लेखी ती 5 सप्टेंबर, म्हणजे मुलगा पात्र. टेबलावरचा तरुण इथेच वाढलेला. त्याने अमेरिकी रीतीने आधी महिना वाचला, 9 मे, म्हणजे मुलगा अपात्र. भारतीय पासपोर्टवरही आकडेच, 05/09/2012. इथल्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 09/05/2012. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्यावर खाडाखोडीचा संशय आला आणि मुलाला त्या दिवशीच्या सामन्यातून बाहेर बसवलं गेलं.

संध्याकाळी जन्मदाखला हाती आला तेव्हा गुंता पाच मिनिटांत सुटला. त्यावर नोंदणीची तारीख होती 17/09/2012. सतरावा महिना नसतो, म्हणजे त्या कागदावर दिवस आधी लिहिला आहे आणि जन्म 5 सप्टेंबरचाच. शिवाय नोंद जन्मानंतर बाराव्या दिवशी झालेली. भारतात जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो आणि वर्ष उलटल्यावर नोंदवायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून दाखल्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीखही बोलकी असते. सामना मात्र तोवर होऊन गेला होता.

नोंदणीच्या तारखेचं महत्त्व अमेरिकेने 2001मध्येच पाहिलं आहे. लिटल लीग वर्ल्ड सीरीजमध्ये ब्राँक्सच्या संघाकडून डॅनी अल्मोंटे या डावखुऱ्या पिचरने धमाल उडवली. प्रतिस्पर्ध्यांनी खासगी गुप्तहेर लावले, त्यांना काही सापडलं नाही. नंतर स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या नोंदी तपासल्या. जन्म 1987चा होता, 1989चा दाखला वडिलांनी बऱ्याच उशिरा नोंदवून घेतलेला. दोन वर्षांनी मोठा ठरल्याने संघाचे सगळे विजय रद्द झाले. दोष मोठ्यांचा होता, भोगलं मुलांनी.

पण उशिराची नोंद म्हणजे लबाडी, असा उलटा नियमही करू नका. नोंद उशिराची दिसली तर लसीकरणाचं कार्ड किंवा रुग्णालयाचा कागद, असा त्या काळचा दुसरा पुरावा मागावा. आपल्याकडच्या काही दाखल्यांवर मुलाचं नाव नसतं, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते आणि नाव नंतर घालता येतं. अशा वेळी आईवडिलांची नावं आणि तारीख पासपोर्टशी जुळवावी. उंची, आवाज, मिसरूड हे पुरावे नव्हेत. या वयात एकाच वर्गातली दोन मुलं दोन वर्षांच्या फरकाची वाटू शकतात.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं सांगणं असं. कट-ऑफ पूर्ण वाक्यात छापा: “जन्म 1 सप्टेंबर 2012 रोजी किंवा त्यानंतरचा”. त्या दिवशीच जन्मलेला चालतो की नाही, हा प्रश्न उरता कामा नये. इतर खेळांतली तारीख गृहीत धरू नका. अमेरिकेतल्या युवा फुटबॉलमध्ये ती 2017पर्यंत 1 जानेवारीवर आणली गेली आणि 2026-27च्या हंगामापासून अनेक प्रमुख संघटना पुन्हा 1 ऑगस्टकडे वळत आहेत. अर्जात महिना अक्षरांत लिहून घ्या.

तपासणी पहिल्या सामन्याआधी संपवा आणि ती सगळ्या मुलांची करा, फक्त चांगल्या गोलंदाजांची नको. कागद पाहा, कोणी पाहिला त्याची सही यादीवर घ्या आणि कागद परत करा. प्रती साठवू नका, व्हिसाची पानं मागू नका. हरकत लेखी आणि ठरलेल्या मुदतीतच घ्या. निकाल लागेपर्यंत मुलाला खेळू द्या. तो अपात्र ठरला तर त्या सामन्याचे गुण कापता येतात, पण चुकून बाहेर बसवलेल्या मुलाचा सामना परत देता येत नाही.