बंद पाकिटातले औषध कसे तपासाल?

औषधाच्या दुकानात परवाना भिंतीवर लावलेला असतो आणि औषध देणारा फार्मासिस्ट समोर उभा असतो. मोबाईलवरून औषध मागवले, की घरी येते ते केवळ बंद पाकीट. मग खात्री कशाची करायची? एक उदाहरण घेऊ.

समजा, कुरुंदवाडच्या एका घरी डॉक्टरांनी सेफिक्झिम या प्रतिजैविकाच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. हे औषध कायद्याच्या ‘एच-1’ या अनुसूचीत येते. ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. शिवाय विक्रेत्याला डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद तीन वर्षे जपावी लागते. म्हणून चिठ्ठी न मागता सेफिक्झिम देऊ करणारे संकेतस्थळ पहिल्याच पायरीवर नापास ठरते.

पाकीट आले, की प्रथम बिल पाहा. त्यावर विक्री करणाऱ्या दुकानाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. किरकोळ विक्रीचे परवाने नमुना 20 व 21 मध्ये दिले जातात. शंका आल्यास तो क्रमांक अन्न व औषध प्रशासनाकडे विचारता येतो.

आता गोळ्यांची पट्टी घ्या. बिलावरचा व पट्टीवरचा बॅच क्रमांक जुळतो का? मुदत ‘08/2027’ अशी छापली असेल, तर औषध 31 ऑगस्ट 2027 पर्यंत वापरता येते, 1 ऑगस्टपर्यंत नव्हे. मात्र ही हमी वेष्टनावर सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या औषधालाच लागू असते. 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे इन्सुलिन गरम होऊन आले, तर छापील मुदत शिल्लक असूनही ते वापरू नये.

1 ऑगस्ट 2023 पासून तीनशे प्रचलित ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यातील बॅच, मुदत व कारखान्याचा परवाना हा तपशील छापील मजकुराशी ताडून पाहा. तफावत असेल तर गोळी घेऊ नका. परंतु कोडचीही नक्कल होऊ शकते, म्हणून तपशील जुळला तरी बिल हवेच. नागपूरच्या शासकीय रुग्णालयात पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत ते औषधच नसल्याचे 2024 च्या सुमारास उघड झाले. वेष्टनावर नाव छापलेला कारखानाही अस्तित्वात नव्हता! गोळीत काय आहे, हे अखेर प्रयोगशाळाच सांगू शकते.

प्रथिनांची भुकटी, जीवनसत्त्वांच्या पूरक गोळ्या यांचे काय? पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा वस्तू अन्नाच्या कायद्याखाली येतात. त्यांवर 14 अंकी अन्न परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असते. अशा डब्यावर ‘मधुमेह बरा होतो’ असे लिहिलेले दिसले, तर तो दावाच नियमबाह्य आहे.

घरातील एखादी पट्टी घेऊन बॅच क्रमांक, मुदत, परवाना आणि तापमानाची सूचना या चार गोष्टी शोधून वहीत टिपा. पट्टी कापताना मुदतीचा तुकडा आधी फेकला जात नाही ना, हेही पाहा.