नवजात वासराचे छायाचित्र कसे पाहावे?

गावातून पशुवैद्यकीय दवाखान्याकडे आता निरोपाच्या आधी छायाचित्र पोहोचते. वासरू आजारी वाटले की घरातील एखादा मुलगा भ्रमणध्वनीवर त्याचे चित्र काढतो आणि ते पशुधन पर्यवेक्षकाकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवून देतो. ही सोय चांगली आहे. तथापि पुष्कळदा असे चित्र पाहून काहीच ठरविता येत नाही, आणि कधी कधी तर ते पाहणारास खोटा धीर देते. म्हणून वासराच्या डोळ्यांवरून, केसांवरून व उभे राहण्याच्या ढबीवरून चित्रात काय ओळखता येते आणि काय येत नाही, याचा येथे विचार केला आहे. पहिल्या पंधरवड्यात वासरे दगावण्याचे एक मोठे कारण हगवण हे असल्यामुळे मुख्यतः त्याच दृष्टीने हे विवेचन केले आहे.

प्रथम चित्र कसे काढावे ते पाहू. वासराला कोणी उचलून किंवा धरून ठेवले असेल, तर त्या चित्राचा निम्मा उपयोग संपला. कारण ते आपल्या बळावर कसे उभे राहते हेच त्यात दिसत नाही. वासरू मोकळे सोडावे, सहा-सात फूट अंतरावर उकिडवे बसावे आणि यंत्र वासराच्या खांद्याच्या उंचीवर धरून एका बाजूने संपूर्ण शरीर चित्रात घ्यावे. उभ्या माणसाने वरून काढलेल्या चित्रात पाठीचा बाक व पोटाची खपाटी दोन्ही लपतात. दुसरे चित्र डोळ्याचे जवळून घ्यावे व तिसरे मागील बाजूचे, शेपटीखालचा भाग दिसेल असे. उजेड दिवसाचा, पण सावलीतील असावा. रात्री गोठ्यातील पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या चित्रात पांढरे शेणही पिवळे दिसते, आणि चमकदिव्याच्या प्रकाशात निस्तेज डोळाही चकाकतो. काही भ्रमणध्वनी चित्र आपोआप उजळ व गुळगुळीत करतात. माणसाच्या चेहऱ्यासाठी केलेली ही सोय वासराच्या केसांची रुक्षता झाकून टाकते, म्हणून ती बंद ठेवावी.

चित्राबरोबर दोन वेळा अवश्य कळवाव्यात : वासरू जन्मले ती वेळ आणि चित्र काढले ती वेळ. त्यांच्यावाचून चित्राचा अर्थ लागत नाही. अर्ध्या तासापूर्वी जन्मलेले वासरू ओले असते, त्याचे पाय फाकलेले व थरथरते असतात, आणि त्यात काहीही वावगे नाही. निरोगी वासरू काही मिनिटांत मान सावरून छातीवर बसते, साधारणपणे तासाभरात उभे राहते आणि दोन तासांच्या आत आचळ शोधून चीक पिऊ लागते. तेच ओलेपण व तीच थरथर सहा तासांनंतरच्या चित्रात दिसली, तर गाईने वासराला चाटलेले नाही, त्याला थंडी बाधली आहे किंवा चीक पोटात गेलेला नाही, असे समजून तातडीने चौकशी करावी.

केसांवरून एकदम निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा. गाईने नुकतेच चाटलेल्या वासराचे केस भोवऱ्यासारखे वळलेले व ठिकठिकाणी उभे असतात. नवख्यास ते पिंजारलेले वाटतात, पण वस्तुतः ते चांगले लक्षण आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे काढलेल्या चित्रात निरोगी वासराचेही केस उभे दिसतात. अंग कोरडे असून, ऊन वर आल्यानंतरही केस उभे व तकाकीहीन राहिले असतील तरच त्याला महत्त्व द्यावे. ज्या वासराचे सर्व अंग जन्मतःच पिवळसर डागाळलेले असते, त्याने गर्भाशयातच शेण टाकलेले असते. अवघड प्रसूतीत त्याला प्राणवायू कमी पडल्याची ती खूण होय. असे वासरू उशिरा उठते व चीक ओढण्यात मागे पडते, म्हणून त्याला चीक पाजण्याची व्यवस्था मालकाने स्वतः करावी. शेपटीला लागलेले पहिल्या एक-दोन दिवसांचे काळपट किंवा पिवळे चिकट शेण मात्र नेहमीचेच असते.

उभे राहण्याची ढब केसांपेक्षा अधिक खरे सांगते. झोपेतून उठलेले निरोगी वासरू पाठ खाली दाबून मागचे पाय ताणते व आळस देते. हा क्षण चित्रात सापडला तर पाहणाराची बरीचशी चिंता मिटते. याउलट पाठ कमानीसारखी वर, पोट आत ओढलेले, चारही पाय एकत्र गोळा केलेले व कान खाली पडलेले असे वासरू भुकेलेले, गारठलेले किंवा पोटाच्या वेदनेने बेजार असते. एक पाय उचलून धरलेला असेल व गुडघा दुसऱ्यापेक्षा जाड दिसत असेल, तर बेंबीतून शिरलेली बाधा सांध्यात उतरल्याची शंका घ्यावी. मग चित्राच्या आधारे घरगुती उपचार करीत बसू नये. वासरू डॉक्टरांस प्रत्यक्ष दाखवावे.

आता डोळ्याकडे वळू. निरोगी वासराचा डोळा पूर्ण उघडा, ओलसर असतो आणि बुबुळाचा गोळा पापणीला लागून बसलेला असतो. हगवणीमुळे अंगातील पाणी कमी झाले की डोळ्याचा गोळा खोबणीत मागे सरकतो, आणि खालची पापणी व गोळा यांच्यामध्ये फट पडते. ही फट चित्रात दिसते. मात्र चित्र जवळून, बाजूच्या उजेडात आणि खालची पापणी अंगठ्याने हलकेच मूळच्या जागी धरून काढलेले असावे. वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत पाणी गेले असले तरी ती सहसा नजरेत भरत नाही; म्हणून फट नाही याचा अर्थ वासरू धोक्याबाहेर आहे असा नव्हे. फटीत ज्वारीचा एक दाणा बसेल इतकी ती रुंद असेल, तर वजनाच्या सुमारे सात ते आठ टक्के पाणी गेले असे स्थूलमानाने धरता येते. अवघड प्रसूतीत जन्मलेल्या वासराच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लाल डाग दिसतो. तो हळूहळू आपोआप जिरतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. सहा दिवसांची, सुमारे २८ किलो वजनाची एक संकरित कालवड आहे, असे समजा. सकाळी सातच्या चित्रात ती उभी आहे, कान टवकारलेले आहेत, डोळ्यापाशी फट नाही. फक्त शेपटी व मांड्या पातळ शेणाने भरलेल्या आहेत. सायंकाळी पाचच्या चित्रात पाठ कमानदार झाली आहे, कुशीवरचे केस उभे आहेत, कान पडले आहेत आणि डोळ्यापाशी ज्वारीच्या दाण्याएवढी फट आहे. दहा तासांत झालेला हा बदल एकाच चित्रावरून कधीही कळला नसता. आता हिशेब करावा. २८ किलोचे सात-आठ टक्के म्हणजे सुमारे २ लिटर पाणी अंगातून गेले आहे, आणि हगवण चालू असल्याने आणखी जात आहे. पेलाभर मीठ-साखरेचे पाणी पाजून मालक निश्चिंत होतो तो येथेच फसतो.

चित्र पाहणाऱ्या कार्यकर्त्याने आता मालकास एक गोष्ट करावयास सांगावी : हात धुऊन स्वच्छ बोट वासराच्या तोंडात घालावे. तोंड ऊबदार आहे काय आणि वासरू बोट जोराने चोखते काय, हे चित्रातून कळत नाही. आणि उपचार तर त्यावरच ठरतो. कालवड बोट चोखत असेल, तर डॉक्टरांनी दिलेली क्षारांची पुडी, पुडीवर सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात विरघळवून २ लिटर पाजावी व रात्री पुन्हा तेवढीच द्यावी. दूध बंद करू नये. हगवणीत दूध तोडण्याची जुनी चाल वासराला उपाशी मारते. दूध थोडे थोडे, अधिक वेळा द्यावे आणि दूध व क्षारांचे पाणी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. वासरू बोट चोखत नसेल, तर घशात बाटली ओतू नये. ते पाणी फुप्फुसात उतरते. अशा वासराला शिरेतून सलाईन द्यावे लागते, आणि ते काम डॉक्टरांचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी, त्याच अंतरावरून तिसरे चित्र काढावे. फट बुजत आली असेल तर उपचार लागू पडला. तशीच असेल किंवा कालवड उठत नसेल, तर डॉक्टरांना गोठ्यावर बोलवावे. हगवणीचे काही प्रकार माणसांनाही बाधतात, म्हणून अशा वासराला हाताळल्यावर, विशेषतः घरातील मुलांनी, साबणाने हात धुवावेत.

डोळ्याची ही खूण दोन ठिकाणी चकविते, हे लक्षात ठेवले पाहिजे. कित्येक दिवस अर्धपोटी राहिलेल्या वासराचे डोळे, मागील चरबी झिजल्यामुळे, अंगात पाणी पुरेसे असूनही खोल गेलेले दिसतात. अशा वेळी त्याची हाडे वर आलेली असतात आणि मानेच्या कातडीची चिमटी घेऊन सोडल्यास ती लगेच पूर्ववत होते. दुसरी चूक अधिक घातक आहे. आठवड्याहून मोठ्या वासराला हगवणीत कधी कधी रक्तात आम्ल साचते. डोळा फारसा खोल जात नाही, चित्र बरे दिसते, पण वासरू दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाते किंवा मुळीच उठत नाही. डोळा व ढब यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा ढबीवर विश्वास ठेवावा व विलंब न करता डॉक्टरांना कळवावे.

करडाच्या बाबतीत हेच नियम लागू आहेत. मात्र सर्व काही फार लवकर घडते. २ किलोच्या करडाचे आठ टक्के म्हणजे अवघे १६० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या दोन लहान कपांएवढे पाणी; एवढे जाण्यास रात्र पुरते. शिवाय जुळ्या-तिळ्यांतील लहान करडू दुधावाचून व उबेवाचून मागे पडते. म्हणून करडांचे चित्र एकेकट्याचे न काढता सर्व भावंडांचे एकत्र काढावे. एक करडू पाठ वाकवून बाजूला उभे आहे आणि इतर आईच्या कासेला लागली आहेत, हे त्यात चटकन दिसते. त्या करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर बळेच दूध पाजू नये. करडू कोरडे करून उबेला ठेवावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांच्याकडे साधा तापमापक आहे त्यांनी तो गुदद्वारात लावून अंश कळवावेत; वासराचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट असते, करडाचे त्याहून किंचित अधिक.