गर्भ आहे, पण कोठे?

लघवीच्या तपासणीत गर्भधारणा सिद्ध झाली आहे, परंतु योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयात किंवा त्याबाहेर गर्भ आढळत नाही, अशा अवस्थेस ‘अज्ञात स्थानाची गर्भधारणा’ म्हणतात. हे निदान नव्हे. निदान अद्याप व्हावयाचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. गर्भ गर्भाशयातच असून अजून फार लहान असेल, तो आपोआप नष्ट होत असेल किंवा बीजवाहिनीत रुजला असेल. ही तिसरी शक्यता म्हणजे अस्थानिक गर्भधारणा. तीत नलिका फुटून पोटात प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो.

जबलपूरच्या ओमती भागातील एका स्त्रीचे उदाहरण कल्पून पाहू. पाळी चुकून दोन आठवडे झाले आहेत, थोडे रक्त जात आहे आणि सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर रक्तातील ‘एचसीजी’ हे गर्भाच्या आवरणातून स्रवणारे संप्रेरक मोजतात. ते लिटरमागे ४२० एकके भरले. या एका आकड्यावरून गर्भाचे स्थान कळत नाही. म्हणून ४८ तासांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा तपासणी करतात.

दुसरा आकडा ६८५ च्या वर गेला असता, म्हणजे वाढ ६३ टक्क्यांहून अधिक झाली असती, तर गर्भ बहुधा गर्भाशयात आहे असे मानून एक-दोन आठवड्यांनी सोनोग्राफी केली असती. तो २१० च्या खाली आला असता, तर गर्भ बहुधा टिकणार नाही असे समजून दोन आठवड्यांनी लघवीची तपासणी करण्यास सांगितले असते. प्रत्यक्षात तो ५६७ आला. वाढ झाली, पण केवळ ३५ टक्के. अशी रेंगाळती वाढ संशयास्पद असते. म्हणून तिला २४ तासांच्या आत पुन्हा तपासले गेले. या वेळी सोनोग्राफीत डाव्या बीजकोशाशेजारी एक लहान गोल गाठ दिसली. सोनोग्राफीच्या दांडीने हळूच दाबताच ती बीजकोशापासून वेगळी सरकली. म्हणजे ती बीजकोशातील नव्हे, नलिकेतील होती. नलिका फुटण्यापूर्वीच निदान झाले.

तथापि आकडे फसवूही शकतात. काही अस्थानिक गर्भधारणांत संप्रेरक अगदी नेहमीसारखे वाढते आणि आकडा लहान असतानाही नलिका फुटू शकते. म्हणून पोटात तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, असे स्त्रीला व घरच्यांना आधीच बजावलेले असते.

घाईही तितकीच घातक ठरते. पेशींची वाढ रोखणारे मेथोट्रेक्सेट हे औषध अस्थानिक गर्भावर वापरतात. परंतु गर्भ गर्भाशयात जिवंत असण्याची शक्यता उरली असताना ते दिल्यास हवे असलेले मूलच गमवावे लागेल. म्हणून स्त्रीची प्रकृती स्थिर असेपर्यंत डॉक्टर थांबतात, पण गर्भाचे स्थान कळेपर्यंत किंवा संप्रेरक नाहीसे होईपर्यंत तपासणी सोडीत नाहीत.